ओव्हरऑल डिफरन्शियल: यूएटीच्या टॅपकडे आधी पाहा

प्रोटेक्शनच्या कामात नव्याने आलेली मुलं ओव्हरऑल डिफरन्शियलच्या सेटिंगमध्ये जनरेटर आणि जीटी नीट तपासतात. यूएटीच्या टॅपकडे मात्र त्यांचं हमखास दुर्लक्ष होतं, म्हणून २१० मेगावॉटच्या संचावरून तोच भाग सांगतो.

जनरेटरच्या न्यूट्रल बाजूच्या सीटी, जीटीच्या २२० केव्ही बाजूच्या सीटी आणि मधून फुटणाऱ्या यूएटीच्या टॅपवरच्या सीटी या तिन्हींच्या मधलं सगळं या झोनमध्ये येतं. रिले तिन्ही प्रवाह एकाच मापावर आणतो. जीटी २५० एमव्हीएचा असेल, तर १५.७५ केव्हीला १ पीयू म्हणजे सुमारे ९१६० अँपिअर आणि २३५ केव्हीला सुमारे ६१४. स्टार-डेल्टामुळे पडणारा ३० अंशांचा फरक रिले भरून काढतो. स्टार बाजूचा झिरो सिक्वेन्सही तो वजा करतो, नाहीतर लाइनवरच्या अर्थ फॉल्टला संच विनाकारण ट्रिप होईल.

आता यूएटी. १५ एमव्हीएच्या यूएटीचा पूर्ण भार ५५० अँपिअर, म्हणजे संचाच्या मापावर जेमतेम ६ टक्के. मॅचिंगसाठी रिले प्रत्येक बाजूचा एमव्हीए वेगळा घेत असेल आणि तिथे कुणी नेमप्लेट पाहून १५ भरलं, तर तेच ५५० अँपिअर रिलेला १ पीयू दिसतात. संच सिंक्रोनाइझ होतो तेव्हा काहीच कळत नाही, कारण ऑक्झिलरी अजून स्टेशन ट्रान्सफॉर्मरवर असतात. पुढे भार यूएटीवर घेतला आणि तो ६० टक्क्यांवर गेला, की खरे ०.०३६ पीयू रिलेत ०.६ होतात. पिकअप ०.२ असेल, तर चेंजओव्हर होता होताच संच ट्रिप. अशा ट्रिपनंतर सगळे जीटीचं तेल तपासायला धावतात. त्याआधी डिस्टर्बन्स रेकॉर्ड उघडा. जनरेटर आणि २२० केव्हीचे प्रवाह शांत आणि डिफरन्शियल मात्र यूएटीच्या प्रवाहाबरोबर चढत गेलेलं दिसलं, तर दोष सेटिंगमध्ये आहे.

हे संच चालवण्याआधीच पकडता येतं. टॅपवरची सीटी ८००/१ असेल, तर त्या इनपुटला तिन्ही फेजमध्ये ०.४१ अँपिअर इंजेक्ट करा. रिलेवर ०.०३६ पीयू दिसायला हवं. ०.६ दिसलं तर बेस चुकला आहे.

जीटी झोनमध्ये असल्यामुळे इथे सेकंड हार्मोनिक रिस्ट्रेंट लागतो. जवळचा फॉल्ट क्लिअर होऊन व्होल्टेज परत चढतं, तेव्हाही जीटी इनरश ओढतो. जनरेटरच्या स्वतःच्या ८७जीला ही अडचण नसते, त्यामुळे तो अधिक संवेदनशील ठेवता येतो. स्टेटरचा अर्थ फॉल्ट मात्र या दोघांनाही दिसत नाही. न्यूट्रलच्या रेझिस्टन्समुळे तो साधारण १० अँपिअरवरच अडतो आणि ९१६० पुढे तो नगण्य आहे. त्याच्यासाठी ६४जी आहे.