व्याख्या कलम: आधी साचा, मग अकारविल्हे क्रम

करारातल्या संज्ञांची यादी तुमच्यापुढे तयार आहे असं धरतो. आता हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘यादी निवडा, सॉर्ट दाबा, झालं’. तसं करू नका. क्रम सगळ्यात शेवटी लावायचा असतो, कारण सगळ्या व्याख्यांना एकच वाक्यरचना, म्हणजे साचा, बसवताना निम्म्या संज्ञांची नावंच बदलतात. नुसतं ‘गोपनीय’ असेल त्याचं ‘गोपनीय माहिती’ होतं, ‘अंतिम स्वीकृती’ची ‘स्वीकृती’ होते, आणि नाव बदललं की जागाही बदलते.

जोडणारा शब्द एकदाच ठरवा. ‘म्हणजे’ चालेल, कायद्यांत असतं तसं ‘याचा अर्थ … असा आहे’ही चालेल. एका नोंदीत हे आणि दुसरीत ते, असं मात्र नको. वाचणारा त्या फरकात काहीतरी हेतू शोधत बसतो.

खरी अडचण ‘म्हणजे’च्या पुढे सुरू होते. मी स्वतः इथे बराच काळ अडखळत होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. व्याख्येचा शेवट नामाने झाला पाहिजे. ही नोंद पाहा:

“गोपनीय माहिती” म्हणजे जी माहिती एक पक्ष दुसऱ्या पक्षाला लेखी कळवतो आणि जी सार्वजनिक झालेली नसते ती.

वाचताना काही खटकत नाही. पण पुढच्या कलमात ‘पुरवठादार गोपनीय माहितीची प्रत काढणार नाही’ असं वाक्य आहे. त्यात संज्ञेच्या जागी व्याख्या ठेवून बघा. ‘-ची’ प्रत्यय लावायचा कशाला? जी-ती, जो-तो अशा रचनेत ‘ती’चं ‘तिची’ करावं लागतं आणि वाक्य अवघडतं, नामाला मात्र विभक्ती सरळ लागते. म्हणून सगळं वर्णन नामाच्या आधी आणा:

“गोपनीय माहिती” म्हणजे एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला लेखी कळवलेली, सार्वजनिक न झालेली माहिती.

आता ‘लेखी कळवलेल्या, सार्वजनिक न झालेल्या माहितीची प्रत’ हे सरळ बसतं. प्रत्येक नोंद अशी किमान एका कलमात घालून बघाच. याहून चांगली चाचणी मला तरी सापडलेली नाही.

‘जेव्हा’ तर या कलमातून हद्दपारच करा. “स्वीकृती” म्हणजे जेव्हा ग्राहक कामाला लेखी मान्यता देतो, यात वस्तू मागितली आणि वेळ मिळाली. “स्वीकृती” म्हणजे ग्राहकाने कामाला दिलेली लेखी मान्यता, असं लिहा.

वर्णन लांबलं तर नाम फार दूर जातं आणि वाचणाऱ्याला धाप लागते. मग नाम आधी घेऊन यादी मागे टाका: “अपरिहार्य घटना” म्हणजे पुढीलपैकी कोणतीही घटना: पूर, भूकंप, युद्ध. इथे ‘आणि त्यात इतर बाबींचाही समावेश होतो’ असं शेपूट जोडायचा मोह आवरा. ‘म्हणजे’ने कुंपण घालायचं आणि ‘समावेश’ने ते उघडायचं, यावरच पुढे वाद होतात. ‘देयक दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत सादर करावे’ यासारखी बंधनंही व्याख्येत घुसतात. ती काढून त्यांच्या कलमात टाका. व्याख्या कोणी शर्तीसाठी वाचत नाही.

आता क्रम. अवतरणचिन्हं बाजूला काढून संज्ञा लावा. संगणकाने नुसत्या युनिकोड क्रमांकांनुसार लावलेली यादी हाताने तपासावी लागते. त्या क्रमात ‘ॲप’ ‘ह’च्याही खाली जातं, कारण ‘ॲ’ला तिथे खूप पुढचा क्रमांक मिळालेला आहे. ‘क्षतिपूर्ती’ ‘क’मध्ये शिरते, कारण संगणकाला ‘क्ष’ म्हणजे क आणि ष. ‘ळ’ ‘व’च्या आधी येतो. ‘अंतिम देयक’ ‘अग्रिम रक्कम’च्या वर बसतं. अनुस्वार आधी की नंतर, याबाबत कोशांतही एकमत नाही, तेव्हा एक पद्धत धरा आणि सोडू नका. मी ‘ॲ’ ‘अ’शेजारी आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ वर्णमालेच्या शेवटी ठेवतो, कारण वाचणारा तिथेच शोधतो.

नोंदींना (क), (ख) असे क्रमांक देऊ नका. मध्ये एक संज्ञा घातली की पुढचे सगळे सरकतात आणि ‘व्याख्या (घ) पाहा’ असे संदर्भ चुकतात. करार दोन भाषांत असेल तर क्रमांक हवेतच कशाला? दोन्हीकडे क्रम वेगळा येणारच. मूळ भाषेचा क्रम तसाच ठेवलेली मराठी यादी वाचणाऱ्याला विस्कटलेलीच दिसते.

शेवटी व्याख्यांमध्ये ‘वरील’, ‘उपरोक्त’, ‘खालील’ हे शब्द शोधा. क्रम बदलल्यावर ‘वरील पक्ष’ खाली गेलेला असतो. त्या जागी संज्ञेचं नावच लिहा.