श्लोक उलटा शिकवा: आधी सिंह, मग उद्यम

सोलापुरात तिसरी-चौथीच्या मुलांना हा श्लोक समजावताना मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करते:

उद्यमेन हि सिध्यन्ति कार्याणि न मनोरथैः ।
न हि सुप्तस्य सिंहस्य प्रविशन्ति मुखे मृगाः ॥

पहिल्या ओळीत नुसता विचार आहे. दुसरीत चित्र आहे, म्हणून मुलं लगेच बोलू लागतात. फळ्यावर शब्द मराठीच्या क्रमाने मांडा: सुप्तस्य सिंहस्य मुखे मृगाः न प्रविशन्ति. ‘स्य’खाली रेघ मारून तिथे ‘च्या’ लिहा. मग मुलंच जुळवतात, “झोपलेल्या सिंहाच्या तोंडात हरणं शिरत नाहीत!” ‘हि’ म्हणजे ‘खरोखर’, तो शेवटी सांगितला तरी चालतो.

गोंधळ ‘मृग’ शब्दावर होतो. शेतकऱ्याच्या मुलाला मृगाचा पाऊस आठवतो, घरी तेलुगू बोलणारी मुलगी म्हणते, “मृगम् म्हणजे जनावर.” तिला चूक म्हणू नका. संस्कृतात जनावर आणि हरीण असे दोन्ही अर्थ आहेत.

आता पहिली ओळ. ‘मनोरथ’ ऐकून मुलं रथ काढतात. तो मनातल्या इच्छेचा, सांगा. उदाहरण घरचं द्या: शेंगा कुटल्याशिवाय चटणी होते का?

अर्थ पोचला का, हे पाहायला “श्लोकाचा अर्थ सांग” म्हणू नका, पाठ केलेलं वाक्य येईल. विचारा, “सिंहाने काय करायला हवं होतं?” “उठून शिकार” म्हणाला, की झालं. “सिंह वाईट होता” म्हणाला, तर पुन्हा चित्राकडे या.