मीटिंगनंतरचा मेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत

मीटिंग संपली की कोणीतरी म्हणतं "जरा मेल टाक ना सगळ्यांना", आणि मग जो मेल जातो त्यात बहुतेक वेळा अख्ख्या तासाची कथा असते, हा असं म्हणाला, मग तिने तसं सांगितलं, मग खर्चाचा मुद्दा आला, आणि या सगळ्यात नेमकं काय ठरलं ते सातव्या ओळीत मध्येच कुठेतरी अडकलेलं असतं. विरार लोकलमध्ये एका हाताने हँडल धरून मोबाईलवर मेल उघडणारा माणूस सातव्या ओळीपर्यंत जात नाही. म्हणून या मेलमध्ये तीनच गोष्टी हव्यात: निर्णय, प्रत्येक कामाला एक नाव, आणि तारीख. तो कसा लिहायचा ते एक उदाहरण घेऊन बघू.

समजा अंधेरीत ऑफिस असलेली एक छोटी कंपनी आहे, पितळी समया आणि मोदकाचे साचे विकते, गोडाऊन भिवंडीला, माल दादरच्या दुकानांत आणि ऑनलाइन जातो. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहेत. मंगळवारी १८ ऑगस्टला मीटिंग झाली, सावंत सर, सेल्सचा अमेय, खरेदी बघणारी स्नेहल आणि अकाउंट्सची रुपाली. गोडाऊनचे प्रशांतदादा फोनवर होते पण नेटवर्क गेलं आणि ते मध्येच कट झाले. (नावं सगळी उदाहरणापुरती.)

मेलचं अर्धं काम मीटिंगमध्येच होतं. नोट्स घेताना प्रत्येक वाक्य लिहू नका, कागदाच्या एका बाजूला फक्त ठरलेलं लिहा आणि दुसऱ्या बाजूला कोण आणि कधी. संपायच्या आधी दोन मिनिटं मागून घ्या आणि तेवढंच मोठ्याने वाचा. "शेवटचा डिस्पॅच ५ सप्टेंबर, दुकानांना अमेय कळवणार, कधीपर्यंत?" असं विचारलं की अमेय स्वतःच्या तोंडाने तारीख सांगतो, आणि जी तारीख माणसाने स्वतः दिलीय ती पाळली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त, तुम्ही नंतर मेलमध्ये परस्पर घातलेल्या तारखेपेक्षा. इथेच हेही कळतं की जे ठरलं असं तुम्हाला वाटत होतं ते सगळ्यांना तसं वाटत नव्हतं. हे मीटिंगमध्ये कळलेलं बरं, मेल गेल्यावर त्याच गोष्टीसाठी बारा रिप्लाय येतात.

आता नोट्स चाळायच्या. या मीटिंगच्या नोट्स साधारण अशा असतील: अमेयला ९ तारखेपर्यंत माल पाठवायचाय, प्रशांतदादा म्हणाले ३ नंतर दादरमध्ये टेम्पो उभा करायला जागा मिळत नाही, बराच वेळ यावरच गेला, शेवटी सर म्हणाले ५. मोठ्या समया चेपून येतायत, गेल्या वर्षीही आल्या होत्या, बॉक्स पातळ आहे, फाइव्ह प्लायचा घेऊ, रुपाली म्हणाली खर्च वाढेल, सर म्हणाले फक्त मोठ्यांना घ्या. ऑनलाइनवाल्यांना फ्री डिलिव्हरी द्यायची का, अमेय हो, रुपाली नाही, सर म्हणाले आकडे बघून सांगतो.

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, ही ओळ मेलमधून काढली तर उद्या कोणी काही वेगळं करेल का? अमेयला ९ हवी होती ही ओळ काढली तर काहीच बदलत नाही, मग ती गेली. गेल्या वर्षीच्या चेपलेल्या समया, गेल्या. खर्चाबद्दल रुपालीचं म्हणणं तसं लिहायची गरज नाही, पण त्यातून निघालेली मर्यादा, म्हणजे फाइव्ह प्लाय फक्त मोठ्या समयांना, ती राहिलीच पाहिजे, नाहीतर स्नेहल सगळ्याच मालासाठी बॉक्स मागवेल. चर्चा गाळताना तिच्यातून निघालेली अट चुकून गाळली जाते, बॉक्सची ऑर्डर नेमकी अशाच ठिकाणी चुकते, म्हणून गाळून झाल्यावर नोट्स परत एकदा फक्त "पण", "फक्त", "सोडून" या शब्दांसाठी चाळा.

कारण लिहायचं की नाही? एरवी नाही. पण मीटिंगला नसलेला माणूस वाचून लगेच "५ का, ९ का नाही?" असं विचारणार असेल तर अर्ध्या ओळीत कारण द्या, त्याने विषय परत उघडत नाही. कोण कोणाच्या विरोधात होतं ते मात्र लिहू नका. निर्णय झाला की तो सगळ्यांचा, आणि मेल पुढे कोणाकोणाला फॉरवर्ड होईल ते तुमच्या हातात नाही. अपवाद एकच, कोणी स्पष्ट म्हणालं की माझा विरोध नोंदवा, तर त्याला विचारून एका ओळीत नोंदवायचा. आणि हो, कंपनीच्या बोर्ड मीटिंगचं इतिवृत्त ही वेगळी गोष्ट आहे, त्याला कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ चे नियम लागतात, हा मेल त्याच्या जागी चालत नाही. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्तही तसंच वेगळं.

यानंतर नावं, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच. "दुकानांना कळवण्यात येईल", "सॅम्पल तपासले जातील" अशी वाक्यं ऑफिसच्या मराठीत सहज येतात, वाचायलाही सभ्य वाटतात, पण त्यात करणारा माणूसच नसतो. प्रत्येक काम नावाने सुरू करा: "अमेय: दादरच्या सगळ्या दुकानांना कळवणार". नाव एकच, "सेल्स टीम" नको आणि "अमेय आणि स्नेहल" पण नको, कारण दोघांनाही खरंच वाटतं की दुसरा करतोय. दोघं मिळून करणार असतील तरी जबाबदार एकच, दुसऱ्याचं नाव "स्नेहलची मदत" असं त्याच ओळीत पुढे.

बॉक्सचं सॅम्पल भिवंडीला पॅक करून पाडून बघायचं काम प्रशांतदादांचं, पण ते ठरलं तेव्हा ते लाइनवर नव्हते. अशा वेळी मेल पाठवायच्या आधी फोन करा. "दादा, शनिवारी दोन सॅम्पल येतायत, तुम्ही बघाल का?" एवढंच. ते म्हणाले शनिवारी दोन गाड्या लोड होतायत, संध्याकाळी बघतो, तर विचारायचं संध्याकाळी किती वाजेपर्यंत सांगाल, आणि तीच वेळ मेलमध्ये. न विचारता एखाद्याच्या नावावर काम टाकलं तर तो मेल त्याला कामापेक्षा अपमान जास्त वाटतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

तारीख वार आणि वेळेसकट लिहा, "पुढच्या आठवड्यात" लिहिलं की एकाचा सोमवार असतो आणि एकाचा शुक्रवार. तारखा उलट्या मोजायच्या. शेवटचा डिस्पॅच ५ सप्टेंबर, त्याआधी पॅकिंगला चार दिवस धरले तर बॉक्स ३१ ऑगस्टपर्यंत भिवंडीत हवेत, बॉक्सवाल्याला सात दिवस लागतात म्हणजे ऑर्डर २४ ला जायलाच हवी, आणि त्याआधी सॅम्पल पास व्हायला हवं म्हणजे शनिवार २२. असं मोजलं की कुठली तारीख हलू शकते आणि कुठली नाही ते लगेच दिसतं. इथे शनिवार हलला तर बाकी सगळं हलतं, म्हणून तेवढं मेलमध्ये लिहायचं.

जे ठरलं नाही ते ठरल्यासारखं लिहू नका, आणि गाळूही नका. फ्री डिलिव्हरीचं "अजून बाकी" म्हणून वेगळं ठेवा, त्यालाही निर्णय घेणारा एक माणूस आणि तारीख हवीच, नाहीतर तो विषय पुढच्या मीटिंगला जसाच्या तसा परत येतो.

मेल मग असा होतो:

विषय: गणपती डिस्पॅच, १८ ऑगस्टची मीटिंग: निर्णय आणि कामं

नमस्कार,
आजच्या मीटिंगमध्ये ठरलेलं खाली आहे. काही चुकलं असेल तर उद्या, बुधवारी दुपारी १ पर्यंत याच मेलवर कळवा.

ठरलं
दादरच्या दुकानांसाठी शेवटचा डिस्पॅच शनिवार ५ सप्टेंबर (गणपती जवळ आले की तिथे टेम्पोला जागा मिळत नाही). पुढची कुठलीही ऑर्डर फक्त सावंत सरांच्या परवानगीने.
१२ इंच आणि त्यावरच्या समया फाइव्ह प्लाय बॉक्समध्ये. बाकी मालाचे बॉक्स आहेत तेच.

कामं
अमेय: दादरच्या सर्व दुकानांना शेवटची तारीख कळवणार, शुक्रवार २१ ऑगस्ट, संध्याकाळी ५.
प्रशांतदादा: दोन्ही सॅम्पल बॉक्स समई घालून, पाडून तपासणार आणि स्नेहलला सांगणार, शनिवार २२ ऑगस्ट, संध्याकाळी ७.
स्नेहल: पास झालेल्या बॉक्सची ऑर्डर देणार, सोमवार २४ ऑगस्ट, दुपारी १२. माल ३१ ऑगस्टपर्यंत भिवंडीत हवा, त्यामुळे शनिवारची तपासणी पुढे जाऊ शकत नाही.
रुपाली: फ्री डिलिव्हरीच्या खर्चाचे आकडे सरांना देणार, सोमवार २४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.

अजून बाकी
ऑनलाइन ऑर्डरला फ्री डिलिव्हरी द्यायची का: निर्णय सावंत सर, मंगळवार २५ ऑगस्ट.

बस, एवढाच. यात टेबल मुद्दाम नाहीये, लॅपटॉपवर छान दिसणारं टेबल बऱ्याचदा मोबाईलवर आडवं पसरतं आणि नेमका तारखेचा कॉलम स्क्रीनच्या बाहेर जातो. ज्यांच्या नावावर काम आहे ते To मध्ये, फक्त माहिती हवी ते Cc मध्ये. आणि शक्यतो त्याच दिवशी पाठवा, दोन दिवसांनी पाठवला तर तोपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात मीटिंगची आपापली आवृत्ती पक्की झालेली असते.

"१ पर्यंत कळवा" याला एक मर्यादा आहे. कोणी उत्तर दिलं नाही म्हणजे तारखा मान्य आहेत असं धरून चालायला हरकत नाही, पण पैशाचा किंवा गिऱ्हाईकाला शब्द देण्याचा विषय असेल तर गप्प बसणं म्हणजे होकार नाही, तिथे संबंधित माणसाचं "ओके" लेखी घ्या.

मेल नीट झालाय का ते पहिल्या रिप्लायवरून कळतं. "म्हणजे हे मी करायचंय का?" असं आलं तर नाव कच्चं राहिलंय, "पण मी तर म्हटलं होतं की" असं आलं तर चर्चा कुठेतरी मेलमध्ये शिरलीय किंवा एखादी अट सुटलीय. दुरुस्ती आली तर अख्खा मेल नव्याने पाठवू नका, त्याच थ्रेडवर सगळ्यांना फक्त बदललेली ओळ, "बदल: अमेयची तारीख शुक्रवार २१ ऐवजी शनिवार २२, दुपारी १". जुनी तारीखही दिसू द्या, म्हणजे कोणाच्या डायरीत अजून शुक्रवारच असेल तर त्याला कळतं की बदललंय. नंतर कोणाची तारीख पुढे गेली तरी हेच, आणि ती ओळ ज्याचं काम आहे त्यानेच लिहायची, तुम्ही त्याच्या वतीने नाही.