भरतीच्या घड्याळावर अभ्यास: ब्लॉक कशाला ठेवायचा, गठ्ठा कशाचा करायचा

राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या बंदरावर मासळी व्यापाऱ्याकडे अर्धवेळ काम करत मी गट-ब आणि गट-क सेवा संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी केली. होडी लागली की क्रेट मोजायचे, वजन लिहायचं, लिलावात लागलेला भाव वहीत चढवायचा आणि नौकामालकाला पावती द्यायची, एवढं काम. दिवसाचे साडेतीन तास. पण ते साडेतीन तास रोज वेगळ्या वेळी यायचे. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला आहे, त्यामुळे माल भरलेली होडी पाणी चढल्याशिवाय आत शिरत नाही. आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते.

अभ्यासाचं नियोजन शिकवणारे दोन पद्धती सांगतात. टाइम ब्लॉकिंगमध्ये दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एका विषयाला आधीच देऊन टाकायचा: ९ ते ११ राज्यघटना, ४ ते ६ गणित. टास्क बॅचिंगमध्ये एकाच जातीची कामं साठवून ती एका बैठकीत उरकायची. ज्यांची नोकरी ठरलेल्या वेळेची आहे, म्हणजे मेडिकल दुकानात दुपारी २ ते ७ वगैरे, त्यांना पहिली पद्धत जशीच्या तशी लागू पडते. बंदर, जेटी, पर्यटकांच्या होड्या, घरगुती खाणावळ अशा ठिकाणी काम करणाऱ्यांचं तसं नसतं. सोमवारी मोकळे असलेले ९ ते ११ शुक्रवारी कामात गेलेले असतात. मग लोक ब्लॉक सोडून देतात आणि सगळंच 'वेळ मिळेल तेव्हा' करायला लागतात. माझ्या मते दोन्ही पद्धती लागतात, पण कोणतं काम कोणत्या पद्धतीत टाकायचं हे आधी ठरवावं लागतं.

पहिल्यांदा वेळेचा प्रश्न सोडवू. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ तोंडपाठ असते. मी कामाला लागले तेव्हा एका नौकामालक काकांनी विचारलं, "आज तिथी कुठली गो?" मी म्हटलं, चतुर्थी. "मग तीनला पाणी भरेल. तू एकला ये." हिशोब असा, की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला ३ वाजता पूर्ण भरती, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, नियम तोच. दिवसातून दोन भरत्या येतात, म्हणून दुपारी ३ तशीच पहाटेही साधारण ३. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, आणि पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी असली की आणखी घोटाळा होतो. त्यामुळे छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यावं. पण पंधरवड्याचं वेळापत्रक आखायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

होड्या पूर्ण भरतीच्या दोन तास आधीपासून यायला लागायच्या आणि नंतर दीड तासात सगळं आटपायचं. मी दिवसाची भरती सांभाळायचे, रात्रीची दुसरा मुलगा बघायचा. म्हणजे द्वादशीला माझं काम सकाळी ७ ते १०.३० आणि चतुर्थीला दुपारी १ ते ४.३०. हे दिसलं की ब्लॉकला घड्याळातली वेळ द्यायची गरजच राहत नाही. ब्लॉकला नाव द्यायचं: 'कामाआधीचा' आणि 'कामानंतरचा'. द्वादशीला कामाआधीचा ब्लॉक पहाटे ५.१५ ते ६.३० असा आखूड असतो आणि कामानंतरचा, जेवून थोडं पडल्यावर, १ ते ३. चतुर्थीला उलटं होतं: सकाळ सगळी मोकळी आणि संध्याकाळी फार तर दीड तास.

कोणत्या ब्लॉकमध्ये काय, हे मात्र पक्कं ठेवायचं. नवीन वाचन कामाआधी. राज्यघटनेतला नवा भाग किंवा अर्थव्यवस्थेतलं न समजलेलं प्रकरण लिलावाच्या आरड्याओरड्यातून आल्यावर डोक्यात शिरत नाही. कामानंतर गणित आणि बुद्धिमत्ता, कारण हातात पेन्सिल चालू राहिली की झोप आवरते. पूर्ण सराव पेपर मात्र चतुर्थी ते अष्टमीच्या दिवसांतच, कारण तेव्हा सकाळ मोकळी असते. त्या पेपरला १०० प्रश्न आणि १ तास असतो, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. मध्ये फोन आला, कोणी हाक मारली तर तो पेपर बाद समजायचा. हे एकच काम मी घड्याळ लावून, दार लावून करायला सांगते. बाकीचे ब्लॉक पाण्याबरोबर सरकले तरी बिघडत नाही.

आता गठ्ठ्याकडे. बॅचिंगचा मोह सगळ्यात जास्त होतो तो उजळणीत आणि गणितात, आणि नेमकं तिथेच ते नुकसान करतं.

गणिताचं उदाहरण घ्या. एका बैठकीत शेकडेवारीची तीस गणितं केली, तर दहाव्या गणितापासून पुढे तुम्ही प्रश्न वाचतच नाही, रीत आधीच हातात असते. वही बघून वाटतं, प्रकरण झालं. परीक्षेत मात्र एक गणित शेकडेवारीचं, पुढचं काळ-काम-वेगाचं, त्यानंतर नातेसंबंध. तिथे पहिलं काम असतं कोणती रीत लागणार हे ओळखणं, आणि त्याचा सराव एकजातीच्या गठ्ठ्यात होतच नाही. रोहरर आणि टेलर या दोन अमेरिकी संशोधकांनी २००७ साली हे दाखवलं होतं. घनाकृतींचं घनफळ काढायचा सराव एका गटाने प्रकारवार केला, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार करणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मिसळून करणाऱ्यांची ६३ टक्के उत्तरं बरोबर आली, प्रकारवार करणाऱ्यांची २० टक्के. म्हणून रीत नवी असेल तेव्हा पहिली पाच-सहा गणितं एकाच प्रकारची करा. ती जमली की चार प्रकार मिसळून बारा गणितं घ्या, आणि प्रत्येकाशेजारी सोडवायच्या आधी रीतीचं नाव लिहा. बारापैकी तीन-चार ठिकाणी नाव चुकत असेल, तर तुमची अडचण आकडेमोडीत नाही, ओळखण्यात आहे.

उजळणीचंही तसंच. आठवड्याची सगळी उजळणी रविवारी एकगठ्ठा केली की रविवारी रात्री सगळं येतं आणि गुरुवारी अर्धं गेलेलं असतं. तोच वेळ पाच दिवसांत विखुरला तर जास्त टिकतं.

मग गठ्ठा करायचा कशाचा? तयारीच्या कामांचा. चालू घडामोडींतून प्रश्न काढणं, चुकलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या बनवणं, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रिंट काढून आणणं, अर्ज आणि कागदपत्रं. ही कामं रोज थोडी थोडी केली तर ती रोज ब्लॉकमध्ये घुसतात. दहा मिनिटं पेपर चाळायला बसलेला माणूस पाऊण तासाने उठतो. मी बातम्यांची कात्रणं एका पाकिटात टाकून ठेवायचे आणि आठवड्यातून एकदाच, दीड तासाच्या बैठकीत त्यांचे प्रश्न बनवायचे. आठवडा गेल्यावर निम्मी कात्रणं बिनकामाची आहेत हे आपोआप कळतं, तो फायदा वेगळाच.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा कसा बनतो, ते एका पेपरवर बघू. समजा तुम्ही ८४ प्रश्न सोडवले, ५२ बरोबर आले, ३२ चुकले. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणजे ८ गुण गेले आणि हातात ४४ राहिले. आता त्या ३२ प्रश्नांचे तीन ढीग करायचे. पहिला, जे कधी वाचलंच नव्हतं. दुसरा, वाचलं होतं पण आठवलं नाही. तिसरा, प्रश्नच नीट वाचला नाही, 'अयोग्य विधान ओळखा' ऐवजी योग्य शोधलं. पहिल्या ढिगाच्या चिठ्ठ्या करू नका. तो पुढच्या कामाआधीच्या ब्लॉकमध्ये पुस्तकातून वाचायचा विषय आहे. तिसऱ्यालाही चिठ्ठी लागत नाही, पुढच्या पेपरला त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लागते. चिठ्ठ्या फक्त दुसऱ्या ढिगाच्या. त्या बहुतेक दहा-बाराच निघतात. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. उदाहरणार्थ, 'धन विधेयकाची व्याख्या कोणत्या कलमात?' आणि मागे '११०'. मागे पाच ओळी उतरवल्या तर ती चिठ्ठी उभ्या उभ्या वाचता येत नाही.

उभ्या उभ्या वाचता येणं महत्त्वाचं, कारण बंदरावर मधला वेळ तसाच मिळतो. एक होडी रिकामी झाली, दुसरी अजून खाडीच्या तोंडाशी आहे, बर्फाचा टेम्पो वळतोय, अशी दहा-पंधरा मिनिटं. त्या वेळात नवीन वाचन होत नाही. वीस चिठ्ठ्या मात्र होतात. मासळीचं पाणी लागतं म्हणून त्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायच्या. आधी उत्तर मनात म्हणायचं, मगच उलटायची. आलं तर मागच्या कप्प्यात, चार दिवसांनी बघायला. नाही आलं तर पुढच्या, म्हणजे उद्याच. तयारी एका बैठकीत, आठवणं आठवडाभर विखरून.

हे कुठे फसतंय ते दोन गोष्टींवरून दिसतं. पुढचा कप्पा फुगत गेला, म्हणजे रोज बघता येतील त्यापेक्षा जास्त चिठ्ठ्या बनताहेत. दोन आठवडे नव्या चिठ्ठ्या बंद करा. आणि एकाच विषयाचा ब्लॉक सलग तीन दिवस 'उद्या'वर गेला, तर वेळ कमी आहे असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा तो तुकडा फार मोठा लिहिलेला असतो. 'भूगोल' असं लिहून कोणी बसत नाही. 'कोकणातल्या नद्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे, नकाशा भरणे' असं लिहिलं की बसता येतं.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. तेव्हा काम नाही आणि पगारही नाही, पण घड्याळाचे ब्लॉक लावायला तेच दोन महिने आहेत. मोठे, सलग वाचायचे विषय तेव्हासाठी राखून ठेवा.

पंधरवड्यातला एक दिवस मात्र कुठल्याच पद्धतीत बसत नाही. नवमीला माझं काम संध्याकाळी सव्वाआठच्या सुमारास सुटायचं आणि दशमीपासून सकाळची भरती धरायची असल्याने पहाटे साडेपाचला परत बंदरावर हजर राहायचं. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी दोन्ही ब्लॉक कोरे ठेवायचे. दशमीला दुपारी झोप काढायची, संध्याकाळी फक्त पुढच्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या बघायच्या, आणि नवीन वाचन एकादशीच्या पहाटेपासून धरायचं.