बी.आर्क. नंतर आर्किटेक्ट म्हणून नोंदणी: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यासाठी पायरीपायरीने

बी.आर्क.चा शेवटचा निकाल लागला की घरातून पहिला प्रश्न येतो, "आता आर्किटेक्ट झालीस का?" याचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. आर्किटेक्ट्स ॲक्ट, 1972 नुसार ज्याचे नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत आहे तोच आर्किटेक्ट. पदवीमुळे त्या नोंदवहीत नाव घालण्याचा हक्क मिळतो, पण नाव आपोआप चढत नाही.

दुसरा प्रश्न वर्गमित्रांकडून येतो आणि तिथे बरीच गफलत होते. "पदवीनंतर कोणाच्या तरी हाताखाली दोन-तीन वर्षे काढावी लागतात ना?" अमेरिकेत तशी पद्धत आहे. तिथे परवान्यासाठी साधारणपणे 3,740 तासांचा देखरेखीखालचा अनुभव नोंदवून दाखवावा लागतो आणि परीक्षाही द्याव्या लागतात. तिकडचे व्हिडिओ बघून आपली मुले तोच नियम इथे लावतात. आपल्या कायद्यातल्या कलम 25 मध्ये मान्यताप्राप्त पदवी असणे आणि भारतात राहणे किंवा व्यवसाय करणे एवढ्याच मुख्य अटी आहेत. पदवीनंतर सक्तीची उमेदवारी त्यात नाही. देखरेखीखालचे सक्तीचे काम अभ्यासक्रमाच्या आतच ठेवलेले आहे. ते म्हणजे शेवटच्या दोन वर्षांतले एक सत्र, ज्याला आपण 'ट्रेनिंग सेम' म्हणतो. म्हणून नोंदणीची तयारी निकालानंतर नाही, त्या सत्रापासून सुरू करायची.

पहिली पायरी: कॉलेजची मान्यता तपासा

हे खरे तर प्रवेशाआधी करायचे काम, पण उशिरा का होईना करा. कौन्सिलच्या coa.gov.in या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी आणि प्रत्येकीची मंजूर प्रवेशसंख्या असते. तिथे आपल्या कॉलेजचे नाव आणि आपले प्रवेशवर्ष या दोन्ही गोष्टी जुळवून बघा. विद्यापीठाची मान्यता आणि कौन्सिलची मान्यता या वेगळ्या बाबी आहेत. पदवी विद्यापीठ देते, पण ती पदवी नोंदणीला चालते की नाही हे या कायद्याखालच्या मान्यतेवर ठरते. आपले वर्ष यादीत दिसत नसेल तर प्राचार्यांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

दुसरी पायरी: ट्रेनिंगचे ऑफिस नीट निवडा

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथे आर्किटेक्टची ऑफिसे बऱ्यापैकी आहेत. हिंगोली, बीड, धाराशिव किंवा तालुक्याच्या गावात मात्र घरांचे नकाशे अनेकदा सिव्हिल इंजिनिअरच्या ऑफिसातूनच निघतात. त्यांच्याकडे शिकायला भरपूर मिळते यात शंका नाही, पण ट्रेनिंग म्हणून ते धरले जात नाही. ट्रेनिंग नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखालीच व्हायला हवे.

परभणीच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण असे प्रसंग घडतात. घराजवळचे ऑफिस सोयीचे म्हणून ती तिथे जायला लागते. दारावर मोठ्या अक्षरात 'आर्किटेक्ट्स अँड इंजिनिअर्स' असे लिहिलेले असते. ऑफिस चालवणारे गृहस्थ इंजिनिअर असतात. ज्यांच्या नावावर आर्किटेक्टच्या सह्या होतात ते दुसऱ्या शहरात राहतात आणि महिन्यातून एखादी चक्कर टाकतात. सत्र संपताना तिला पत्र मिळते ते इंजिनिअरच्या सहीचे. कॉलेज ते परत पाठवते आणि तिचे सत्र अडकते.

हे टाळायला ऑफिस पक्के करण्याआधी एकच गोष्ट विचारायची: तुमचा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? तो CA/ ने सुरू होतो, पुढे नोंदणीचे वर्ष आणि मग क्रमांक असतो. संकेतस्थळावर तो घालून नोंदणी चालू आहे का ते बघता येते. असे विचारणे उद्धटपणाचे नाही. जो आर्किटेक्ट नियमाने काम करतो त्याच्या लेटरहेडवर हा क्रमांक असतोच. त्यानंतर हे बघा की ती व्यक्ती रोज ऑफिसात बसते का, तुमचे ड्रॉइंग तपासते का, तुम्हाला साइटवर पाठवते का.

सत्र संपल्यावर मिळणाऱ्या पत्रात आर्किटेक्टचे नाव, नोंदणी क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख आणि तुम्ही काय काम केले हे सगळे असायला हवे. 'समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीचे पत्र घेऊ नका. कामाची नोंद दर आठवड्याला करून त्याच वेळी सही घेत चला. चार महिन्यांच्या सह्या शेवटच्या दिवशी गोळा करायला गेलात की नेमके साहेब बाहेरगावी असतात.

तिसरी पायरी: नाव एकसारखे करून घ्या

अर्जात बहुतेकांची गाडी इथे अडते. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. आधारवर स्वतःचे नाव आधी. विद्यापीठाच्या पदवीवर आईचे नावही येते. क्रम बदलला तर सहसा अडचण येत नाही, पण स्पेलिंग बदलले तर येते. 'शेख' किंवा 'चौधरी' इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते आणि शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे असे असते.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत दहावीची गुणपत्रिका, आधार आणि आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक अक्षर ताडून बघा. दहावीचे कागद बदलणे सगळ्यात अवघड, म्हणून बाकीचे त्यांच्याशी जुळवून घ्यायचे. आधार दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेतली चूक पदवी छापण्याआधी परीक्षा विभागात अर्ज देऊन दुरुस्त करा. छापून झाल्यावर तेच काम खूप लांबते. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नावच बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून ती प्रत जोडावी लागते. नोंदणी जुन्या, पदवीवरच्या नावाने करून नंतर बदल केला तरी चालतो, आणि मुलींना मी हाच मार्ग सुचवेन. पदवीवरचे नाव आणि नोंदवहीतले नाव एकच असले की पहिल्या फेरीत शंका निघत नाही.

चौथी पायरी: अर्ज

अर्ज कौन्सिलच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. वयासाठी दहावीचे प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा ती मिळेपर्यंत विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो आणि सही एवढा संच तयार ठेवा. शुल्क बदलत असते, त्यामुळे मित्राने मागच्या वर्षी भरलेला आकडा धरू नका, अर्जाच्या पानावरचा धरा. गुणपत्रिका मूळ प्रतीवरून, चारही कडा दिसतील अशा स्कॅन करा. मोबाईलच्या तिरक्या फोटोत शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो. ई-मेल आणि मोबाईल स्वतःचेच द्या. नेट कॅफेवाल्याचा ई-मेल दिला तर त्रुटीचे पत्र त्याच्याकडे पडून राहते.

त्रुटी निघाली म्हणजे अर्ज फेटाळला असे नव्हे. मागितलेला कागद जोडला की तो पुढे सरकतो. रजिस्ट्रारने खरोखर फेटाळलाच तर कलम 26 प्रमाणे त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे अपील करता येते. ही मुदत लक्षात ठेवा, कारण घरचे 'दिल्लीला ओळख आहे का बघू' म्हणत राहतात आणि तीन महिने निघून जातात.

नोंदणी होईपर्यंत काय लिहायचे?

नाव नोंदवहीत येईपर्यंत पाटीवर, कार्डावर किंवा इन्स्टाग्रामवर 'आर्किटेक्ट' लिहू नका. कलम 37 ते थेट मना करते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 च्या निकालात हे आणखी स्पष्ट केले आहे: बंदी नोंदणीशिवाय ही उपाधी वापरण्यावर आहे, इमारतीच्या रचनेचे काम करण्यावर नाही. म्हणजे ऑफिसात नोकरी करा, ड्रॉइंग काढा, कार्डावर 'बी.आर्क.' लिहा. 'आर्कि.' हे लघुरूपही नको. नोंदणी झाल्यावरही जाहिरातीवर बंधन राहते. 1989 च्या व्यावसायिक आचार नियमांप्रमाणे सेवेची जाहिरात करता येत नाही, पत्ता बदलल्याची सूचना यांसारखे मोजके अपवाद आहेत. गणपतीत चौकात फ्लेक्स लावण्याआधी हे वाचून घ्या.

नोंदणी टिकवणे

पहिली नोंदणी कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत टिकते. सप्टेंबर 2025 मध्ये नाव लागले तर 31 डिसेंबर 2026 पर्यंत, आणि 2027 साठीचे नूतनीकरण शुल्क 1 एप्रिल 2027 च्या आधी. शुल्क न भरल्यास रजिस्ट्रार नाव काढून टाकतो. पूर्तता करून ते परत घालता येते, पण मधल्या काळात तुम्ही आर्किटेक्ट नसता आणि त्या काळात सही केलेला बांधकाम परवानगीचा नकाशा तुमच्याच अंगावर येऊ शकतो. प्रमाणपत्रावर छापलेली वैधतेची तारीख अंतिम माना आणि फोनवर तिच्या दोन महिने आधीचे स्मरण लावा. पत्ता बदलला तर तोही कळवा.

मग उमेदवारीची वर्षे काढायची की नाही?

काढायची, पण नोंदणी करून. सक्ती नाही म्हणून निकालानंतर दोन महिन्यांत गावात ऑफिस थाटणारे भेटतात, आणि लगेच कोणीतरी येते: "मॅडम, नकाशा तयार आहे, फक्त सही द्या, पैसे रोख." ते देऊ नका. दुसऱ्याच्या कामाखाली सही दिली की जबाबदारी तुमची होते. तक्रार झाली तर कौन्सिल कलम 30 खाली चौकशी करून ताकीद देऊ शकते, व्यवसायातून निलंबित करू शकते किंवा नाव काढून टाकू शकते.

हाताखाली राहायचे ते नेमके शिकण्यासाठी. काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती जमीन घराच्या भिंतींचे काय करते, हे साइटवरच कळते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने लातूर-धाराशिवमधली दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे कशी कोसळली, ते ज्येष्ठांकडून ऐकणे आणि आजच्या बांधकामात भूकंपाचा विचार कुठे कुठे येतो ते बघणे हे या भागातल्या आर्किटेक्टला चुकवता येत नाही. महापालिकेच्या ऑनलाइन परवानगीची फाइल, गुंठेवारीचे प्रकरण, ठेकेदाराचे बिल तपासणे, हेही एकदा अनुभवी माणसाशेजारी बसून करायला हवे.

अशा नोकरीत नियुक्तीपत्र, पगाराची नोंद आणि सोडताना अनुभवपत्र मागून घ्या. पुढे जमीन आणि इमारतींचे नोंदणीकृत मूल्यांकनकार व्हायचे ठरवले तर आर्किटेक्चरच्या पदवीधराला पदवीनंतरचा पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पदव्युत्तर पदवी असेल तर तीन. तेव्हा जुन्या ऑफिसचे साहेब निवृत्त झालेले असू शकतात, म्हणून कागद नोकरी सोडतानाच घ्यायचा.