प्रेसनोट लिहिताना या चुका टाळा : मजकूर चुकीच्या खणात पडतो तेव्हा

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर संध्याकाळी सहानंतर प्रेसनोटांचा ढीग पडायचा. मी तिथं बरीच वर्षं उपसंपादक होतो. एका प्रेसनोटला फार तर दोन-तीन मिनिटं मिळत. बहुतेकांत बातमी असायचीच, पण ती अध्यक्षांच्या मनोगतात दडलेली असे, नाहीतर सगळ्यात खाली फोन नंबरच्या शेजारी. शोधायला वेळ नसला की कागद बाजूला जायचा.

जुन्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांची, म्हणजे खिळ्यांची पेटी असे, प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. खिळा भलत्या खणात पडला की जुळारी बघून उचलत नसल्यामुळे तो तसाच छापला जाई. प्रेसनोटचंही तेच आहे. मथळा, डेटलाइन, कोट आणि संस्थेचा परिचय हे चार खण. कच्च्या मसुद्यात माहिती सहसा पुरेशी असते, ती चुकीच्या खणात असते.

एक मसुदा घेऊ. प्रसंग कल्पित आहे, संस्थेचं नाव मोकळं ठेवलंय, पण भाषा ओळखीची वाटेल :

"कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, सन १९६२ मध्ये स्थापन झालेल्या व गेली ६४ वर्षे बार्शी शहराच्या सांस्कृतिक जडणघडणीत मोलाचे योगदान देणाऱ्या (वाचनालयाचे नाव) या नामवंत संस्थेच्या वतीने, मा. अध्यक्ष यांच्या संकल्पनेतून व मा. कार्यकारिणीच्या अथक परिश्रमातून साकारलेल्या सुसज्ज अभ्यासिकेचा भव्य उद्घाटन सोहळा येत्या रविवारी संपन्न होत आहे. तरी सर्वांनी उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी."

वर मथळा होता : "(वाचनालयाचे नाव) च्या अभ्यासिकेचा भव्य उद्घाटन सोहळा".

मथळ्यात सोहळा, बातमी बेपत्ता

हा मथळा वाचून बार्शीतल्या कुणाच्या आयुष्यात रविवारपासून काय बदलणार, ते कळत नाही. उद्घाटन हा संस्थेचा आनंद झाला. वाचणाऱ्यासाठी बातमी अशी की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना रात्री उशिरापर्यंत बसायला जागा होतेय. "किती वाजेपर्यंत?" असं विचारल्यावर उत्तर आलं, रात्री ११. मसुद्यात ते कुठंच नव्हतं. मथळा जमत नसेल तर शब्द शोधत बसण्याआधी एवढंच तपासा की नेमका तपशील हातात आहे का. नसेल तर संस्थेला फोन लावा.

नवा मथळा : "बार्शीत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी रात्री ११ पर्यंत अभ्यासिका". गाव आलं, कुणासाठी ते आलं आणि नवं काय तेही आलं. संस्थेचं नाव मथळ्यात नाही म्हणून अध्यक्ष नाराज होतील, ते गृहीत धरा. त्यांना सांगा की लांबलचक नाव मथळ्यात कोंबलं, तर डेस्क पहिली कात्री त्यालाच लावतं. नाव पहिल्या वाक्यात येणारच आहे. "संपन्न", "उत्साहात", "भव्य" हे शब्द कुठल्याही कार्यक्रमाला लागतात, म्हणून ते मथळ्यात काहीच सांगत नाहीत.

डेटलाइन आणि "येत्या रविवारी"

डेटलाइन म्हणजे मजकुराच्या सुरुवातीचं गाव आणि तारीख : "बार्शी, ता. १४ :". शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या बातम्यांत "दि." असतं, काही दैनिकं "ता." लिहितात. त्यावर डोकं घालवू नका, डेस्क आपल्या शैलीप्रमाणे ते बदलून घेतं.

चूक होते ती तारखेत. पुष्कळ जण तिथं कार्यक्रमाची तारीख टाकतात. डेटलाइनमध्ये प्रेसनोट दिल्याचा दिवस येतो, कार्यक्रमाचा दिवस मजकुरात. आपण १८ तारखेच्या कार्यक्रमाची प्रेसनोट १४ तारखेला देतोय आणि वर "ता. १८" लिहिलं, तर घाईतला उपसंपादक कार्यक्रम होऊन गेला असं समजतो आणि "होणार आहे"चं "झाले" करून टाकतो. रविवार उजाडायच्या आधीच उद्घाटन पार पडल्याची बातमी छापून येते. हे मी पाहिलंय. करणारा मीच होतो, म्हणून जास्त लक्षात आहे.

"येत्या रविवारी", "उद्या", "आज" हे शब्द त्याच जातीचे. तुम्ही बुधवारी लिहिता, पेपर गुरुवारी निघतो, एखाद्या साप्ताहिकात तोच मजकूर पुढच्या आठवड्यात येतो. म्हणून वार आणि तारीख जोडीनं लिहा : "रविवारी (ता. १८ जानेवारी)". कॅलेंडर काढून वार तारखेशी जुळतो का ते बघा. तो जुळला नाही तर डेस्कचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

गावाचं म्हणाल तर संस्थेचं मुख्य कार्यालय पुण्यात आणि अभ्यासिका बार्शीत असेल, तर डेटलाइन बार्शीचीच द्या. आवृत्तीच्या पानांची वाटणी गावावर चालते. वर "पुणे" दिसलं की मजकूर पुण्याच्या डेस्ककडे जातो, आणि तिथं बार्शीच्या अभ्यासिकेला जागा मिळत नाही.

कोट : इथंच सगळ्यात जास्त नासाडी

मसुद्यासोबत अध्यक्षांचं मनोगत आलं होतं : "अभ्यासिका सुरू होत असल्याचा मनस्वी आनंद होत आहे. एकूण ६० आसने असून मुलींसाठी २० आसनांचे स्वतंत्र दालन आहे. मासिक शुल्क ३०० रुपये ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी लाभ घ्यावा."

यात दोन चुका उलट्या दिशांच्या आहेत. आसनं, दालन, शुल्क ही वाचणाऱ्याच्या उपयोगाची माहिती आहे, आणि ती कोटात आहे. जागा कमी पडली की कोट लवकर उडतो, मग शुल्क आणि मुलींचं दालनही त्याच्यासोबत जातं. छापून आलेल्या बातमीत नेमका आकडा गायब दिसला, तर मूळ प्रत काढून बघा. बहुधा तो अवतरणचिन्हांत असतो.

दुसरी चूक म्हणजे राहिलेला आनंद. तो कुणीही व्यक्त करू शकतं. कोटात त्या माणसालाच ठाऊक असलेलं काहीतरी हवं, म्हणजे निर्णय का घेतला, कशावर पाणी सोडलं, काय पाहिलं. त्यासाठी "मनोगत पाठवा" म्हणू नका, मनोगत मागितलं की मनोगतच येतं. फोनवर विचारा, "हॉल भाड्यानं देत होतात, मग हे कसं सुचलं?" उत्तर आलं ते असं :

"वाचनालय सात वाजता बंद व्हायचं, तरी मुलं बाहेरच्या दिव्याखाली पायऱ्यांवर वाचत बसायची. शेवटी हॉलचं भाडं सोडून द्यायचं आम्ही ठरवलं."

हे दोन वाक्यांत संपतं, आणि उडवताना उपसंपादकाचाही हात थांबतो. बोलण्यातली भाषा छापील करायच्या नादात "सदर विद्यार्थी पायऱ्यांवर अध्ययन करीत असत" असं लिहू नका. मात्र जुळवलेला कोट त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून लेखी होकार घ्या. "मी असं म्हणालोच नव्हतो" असा फोन डेस्कला गेला, की त्या संस्थेची पुढची प्रेसनोट संशयानंच उघडली जाते.

बोलणाऱ्याचं नाव आधी, बोलणं नंतर. मराठीत "...असे अध्यक्ष अमुक यांनी सांगितले" हा शेपटीचा घाट रुळलेला आहे, पण चार ओळींच्या बोलण्यानंतर नाव आलं तर कोण बोलतंय ते वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. आणि दाव्याला नावच नसलं, तर डेस्क स्वतःच्या बचावासाठी "असे पत्रकात म्हटले आहे" जोडतं. हे वाक्य छापून आलेलं दिसलं, तर कोणाच्या तरी तोंडी द्यायचं विधान आपण मोकळं सोडलं होतं असं समजा.

परिचय पहिल्या ओळीत आला की

कच्च्या मसुद्याचं पहिलं वाक्य बातमीपर्यंत पोचेतो दमतं, कारण संस्थेचा सगळा इतिहास त्यात आहे. तो उचलून शेवटी, "संस्थेविषयी" या परिच्छेदात ठेवायचा. इंग्रजी पत्रकारितेत याला बॉयलरप्लेट म्हणतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात छोट्या पत्रांना तयार मजकुराचे धातूचे पत्रे पुरवले जात, ते बदलता येत नसत, त्यावरून हे नाव पडलं. हा परिच्छेदही तसाच हवा, दर वेळी शब्दशः तोच. साठ-सत्तर शब्द पुरेत.

"गेली ६४ वर्षे" लिहिलं तर ते पुढच्या वर्षी खोटं ठरतं, "१९६२ पासून" लिहिलं तर कधीच नाही. सभासदसंख्या द्यायची तर "मार्च २०२५ अखेर" असा संदर्भ जोडा. "नामवंत", "अग्रगण्य" काढून टाका. हा परिच्छेद अनेकदा छापला जात नाही, आणि तसंच अपेक्षित आहे. तो बातमीदाराच्या माहितीसाठी असतो.

त्याखाली माध्यमांसाठीचा संपर्क. इथं एक गंमत हमखास होते. नोंदणीसाठीचा फोन नंबर फक्त इथं लिहिला जातो आणि छापला जात नाही, किंवा सचिवांचा खासगी नंबर छापला जातो आणि रात्री अकरालाही त्यांचा फोन वाजत राहतो. नोंदणीचा नंबर मजकुरात घ्या, संपर्काशेजारी "छापण्यासाठी नाही" असं स्पष्ट लिहा.

सगळं आपापल्या खणात गेल्यावर प्रत अशी दिसते :

> बार्शीत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी रात्री ११ पर्यंत अभ्यासिका
>
> बार्शी, ता. १४ : स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी (वाचनालयाचे नाव) रविवारी (ता. १८ जानेवारी) ६० आसनांची अभ्यासिका सुरू करत आहे. ती रोज सकाळी ६ ते रात्री ११ या वेळेत खुली राहील.
>
> मुलींसाठी २० आसनांचे स्वतंत्र दालन असून मासिक शुल्क ३०० रुपये आहे. नोंदणी शुक्रवारपासून (ता. १६) वाचनालयाच्या कार्यालयात होईल. दूरध्वनी : (नोंदणीचा नंबर).
>
> वाचनालयाचे अध्यक्ष (पूर्ण नाव) म्हणाले, "वाचनालय सात वाजता बंद व्हायचं, तरी मुलं बाहेरच्या दिव्याखाली पायऱ्यांवर वाचत बसायची. शेवटी हॉलचं भाडं सोडून द्यायचं आम्ही ठरवलं."
>
> अभ्यासिकेचे उद्घाटन रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या सभागृहात होईल.
>
> संस्थेविषयी : (वाचनालयाचे नाव) हे बार्शीतील सार्वजनिक वाचनालय १९६२ पासून कार्यरत आहे. (पुढे ठरलेला मजकूर)
>
> ००००
>
> माध्यमांसाठी संपर्क, छापण्यासाठी नाही : (नाव, नंबर)

चार शून्यं म्हणजे मजकूर संपला. शासकीय प्रेसनोटांमुळे ही खूण डेस्कला सवयीची आहे.

आता खालून एकेक परिच्छेद हातानं झाकत वर या. परिचय गेला, उद्घाटन गेलं, कोट गेला, तरी विद्यार्थ्याला जागा, वेळ, शुल्क आणि नोंदणी कळते. फक्त पहिला परिच्छेद उरला तरी "थोडक्यात"च्या चौकटीत बातमी बसते. झाकताना कुठे अर्थ तुटला, तर ती ओळ वर न्या.

पाठवताना लेटरहेडचा फोटो एकटा पाठवू नका, तो कुणाला तरी पुन्हा टाइप करावा लागतो. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीत वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. युनिकोडमधला मजकूर सरळ ईमेलमध्ये चिकटवा. व्हॉट्सॲपवरून पाठवत असाल तर मथळा ठळक करू नका, कॉपी केल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंचे तारे सोबत येतात, आणि एखाद्या रात्री ते तसेच पानावर जातात.