फ्लेक्स छापायला देण्याआधी एक बिल करून बघा

सणाच्या सेलचा बॅनर स्क्रीनवर झकास दिसतो आणि चूक कळते ती विश्रामबागच्या चौकात टांगल्यावर. आमच्या सांगलीच्या शोरूमसाठी कंपनीकडून प्रूफ आलं की मी आता एवढं करतो:

१. प्रूफ मोबाइलवर उघडायचं, झूम न करता हात लांब करून काउंटरवरच्या पोराला तीन सेकंद दाखवायचं. काय आठवतं ते विचारायचं. ऑफर आणि तारीख सांगता आली नाही, तर मजकूर जास्त झालाय.

२. बॅनरवरच्या सगळ्या ऑफर एकाच बिलावर लावायच्या. गेल्या दसऱ्याला ‘सरसकट ४०% सूट’ आणि ‘२ घ्या, १ मोफत’ शेजारी शेजारी होतं. हजाराचे तीन कुर्ते घेतले तर पहिल्या ऑफरने १८००, दुसऱ्याने २०००, आणि गिऱ्हाईक दोन्ही जोडून म्हणणार १२००! तिघांनी तीन आकडे काढले की एक ऑफर काढायची, नाहीतर ‘दोन्हींपैकी एकच’ असं ठळक लिहून घ्यायचं.

३. मागच्या दोन-तीन वर्षांच्या बॅनरचे फोटो गॅलरीत महिन्यानुसार शोधून घोषवाक्य ताडून बघायचं. डीटीपीवाले बहुतेक जुनीच फाइल उघडून बदल करतात, त्यामुळे घोषवाक्य तेच सापडलं की खालची तारीखही तपासा. तीसुद्धा जुनीच राहिलेली असते कधी कधी.

मजकूर कमी करताना ‘निवडक मालावर’ आणि शेवटची तारीख मात्र उडवू नका. भांडण तिथूनच होतं.